बाथरूमच्या नळजोडणीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नेमका कुठे बसवावा? (सोलरच्या नळीतून गच्चीवर पाणी वाहते आहे)

ओसरी
नमस्कार. आमचे नाशिकला तळमजला आणि वर एक मजला असे रो-हाऊस आहे. गच्चीवर लोखंडी स्टँडवर १००० लिटरची टाकी आहे आणि तिच्याखाली २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा साधा सोलर आहे. वरच्या मजल्यावर शॉवरला जोर नव्हता, म्हणून दिवाळीनंतर आम्ही बाथरूमला जाणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवून घेतला. सोलरच्या लाइनला पंप जोडायचा नाही असे विक्रेत्याने बजावले होते, त्यामुळे गरम पाणी पूर्वीसारखेच उतारावर येते.

पंप बसल्यावर आठवड्याभरात दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे रात्री सगळे नळ बंद असतानाही पंप चालू राहत असे. दुसरी म्हणजे सकाळी सोलरचे पाणी जवळजवळ गार असे आणि वरच्या टाकीतले पाणी मात्र कोमट लागत असे. प्लंबरने सांगितले की सोलरचे गरम पाणी उलटे टाकीत जात आहे, आणि टाकीतून सोलरला जाणाऱ्या थंड पाण्याच्या नळीवर त्याने एक एनआरव्ही बसवला. टाकी कोमट होणे त्याच दिवशी थांबले. परंतु आता सोलरची हवेसाठी उभी केलेली जी नळी आहे, तिच्या तोंडातून गच्चीवर पाणी वाहते. मी तिच्याखाली पंधरा लिटरची बादली ठेवून पाहिली, ती तीन मिनिटांत भरली. रात्री अकराला पूर्ण भरलेली टाकी पहाटे कोरडी पडलेली असते.

प्लंबर म्हणतो की एनआरव्ही खराब निघाला, दुसरा बसवू. मला ते पटत नाही, कारण पहिल्याच दिवशी त्याने आपले काम केलेले दिसते. व्हॉल्व्ह चुकीच्या जागी बसला आहे का? आणि योग्य जागा कोणती?

सह्याद्री_७
सोलरच्या गरम पाण्याच्या तोंडाशी, म्हणजे जिथून गरम लाइन खाली उतरते तिथे, दुसरा एनआरव्ही बसवा. खालून पाणी वर येणार नाही, म्हणजे सोलरची नळी वाहणार नाही. आमच्याकडे गिझरलाही तसाच गरम बाजूला बसवलेला आहे. दोन-चारशे रुपयांचे काम आहे.

दादरकर
आमच्याकडे पावसाळ्यात भरतीच्या वेळी बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येते. त्यासाठी हाच व्हॉल्व्ह चालतो का? सोसायटीत कोणी म्हणाले की नॉन-रिटर्न बसवला की थांबते.

जलवाहिनी
दादरकर, आपली अडचण सांडपाण्याच्या नळीची आहे. तिथे लागणारी झडप मोठी, मैला अडकणार नाही अशी आणि चेंबरपाशी बसणारी असते. या धाग्यात ज्याची चर्चा आहे तो अर्धा-पाऊण इंची व्हॉल्व्ह स्वच्छ पाण्याच्या लाइनचा आहे. तो तिकडे बसवलात तर पहिल्याच केसांच्या गुंत्याने अडकेल. आपण स्वतंत्र धागा काढावा, मी तिथे लिहीन.

ओसरी, आता आपल्या प्रश्नाकडे येतो. इमारतींच्या नळजोडणीचे आराखडे करण्यात माझी तीस वर्षे गेली, आणि प्रेशर पंप घरोघरी आल्यापासून ही तक्रार मी पुष्कळ वेळा ऐकली आहे. आपला एनआरव्ही खराब नाही. त्याने पाण्याची एक वाट बंद केली, म्हणून पाण्याने दुसरी शोधली. पाणी मुळात उलटे ढकलले जाते आहे ते आपल्या एखाद्या बाथरूमच्या मिक्सरमधून.

पंप नव्हता तेव्हा थंड आणि गरम अशा दोन्ही लाइनींच्या मागे एकाच टाकीतल्या पाण्याची उंची उभी होती, त्यामुळे मिक्सरपाशी दोघींचा दाब जवळपास सारखा होता आणि दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या मिक्सरमध्येही कोणी कोणाला फारसे ढकलत नव्हते. सोलरची हवेची नळी टाकीच्या काठापेक्षा उंच ठेवलेली असते ती यासाठीच, की टाकीतले पाणी आपल्या पातळीच्या वर चढू शकत नाही आणि नळी वाहत नाही. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे साधारण एक किलोचा दाब. आपल्या तळमजल्यावर नळापाशी टाकीच्या उंचीमुळे सुमारे पाऊण किलो दाब असेल. पंपाने थंड लाइनीत त्यावर दीड किलोची भर घातली, म्हणजे थंड सव्वादोन किलोवर गेली आणि गरम पाऊणवरच राहिली. आता या दोघी जिथे कुठे एकमेकींना मोकळ्या भेटतील, तिथून थंड पाणी गरम लाइनीत शिरेल, तीच लाइन उलटी चढून सोलरच्या टाकीत जाईल आणि तिथले गरम पाणी पुढे ढकलेल.

पहिल्या आठवड्यात सोलरमधून त्या पाण्याला बाहेर पडायला सोपी वाट होती ती थंड पाण्याच्या नळीची, म्हणजे उलटे वरच्या टाकीत. म्हणून टाकी कोमट आणि सोलर गार. दोनशे लिटर साठ अंशांचे पाणी हजार लिटर साध्या पाण्यात मिसळले तर सगळे मिळून पाच-सहा अंशांनी वाढते, हाताला कोमट लागते ते तेवढेच. पाणी टाकीतून पंपात, पंपातून मिक्सरमध्ये, मिक्सरमधून सोलरमध्ये आणि सोलरमधून पुन्हा टाकीत असे गोल फिरत होते, म्हणून पंप थांबत नव्हता पण टाकीही रिकामी होत नव्हती. प्लंबरने ती वाट एनआरव्हीने बंद केल्यावर उरली फक्त हवेची नळी. दोन किलोच्या दाबाला तिच्या उंचीचे काहीच वाटत नाही.

मिनिटाला पाच लिटर हे गळतीचे पाणी नव्हे. कुठल्या तरी मिक्सरच्या दोन्ही चाव्या थोड्या थोड्या उघड्या आहेत आणि पाणी पुढे कुठेतरी अडवलेले आहे. आपल्याकडे गरम-थंड दोन्ही जोडलेला जेट किंवा बटणाने बंद होणारा हँडशॉवर आहे का?

ओसरी
काका, आपण आमचे घर पाहून लिहिल्यासारखे वाटले. तळमजल्यावर आईचे बाथरूम आहे. तिला संधिवात आहे, थंड पाणी सोसत नाही, म्हणून कमोडच्या जेटला आम्ही मिक्सरमधून कोमट पाणी दिले आहे. मिक्सरच्या दोन्ही चाव्या तिला हवे तितक्या उघडून ठेवलेल्या असतात आणि ती फक्त जेटचा खटका दाबते. चाव्या फिरवायला तिचे हात चालत नाहीत, त्यामुळे त्या कायम तशाच राहतात. हे कारण असेल असे मनातही आले नव्हते.

जलवाहिनी
बहुधा तेच आहे, पण खात्री करून घ्या, म्हणजे व्हॉल्व्ह उगाच चार ठिकाणी बसणार नाही. रात्री सगळे नळ बंद करून पंप चालू असताना गच्चीवर सोलरच्या गरम पाण्याचा जो बॉल व्हॉल्व्ह असतो तो बंद करा. अर्ध्या मिनिटात पंप थांबला, तर पाणी गरम लाइनीतूनच वर चढते आहे हे ठरले. मग तो व्हॉल्व्ह पुन्हा उघडा आणि एकेका बाथरूममध्ये मिक्सरची गरम चावी, बेसिनखालचा गरम अँगल कॉक असे एकेक बंद करत जा. ज्या ठिकाणी बंद केल्यावर पंप थांबेल, ती जागा. वरच्या बाथरूममधला सिंगल लिव्हर मिक्सरही यादीत ठेवा.

सह्याद्री_७
सिंगल लिव्हरमध्ये असे होऊ शकत नाही. दांडी खाली केली की आतली सिरॅमिकची चकती दोन्ही तोंडे बंद करते.

जलवाहिनी
दांडी खाली असेल आणि चकती चांगली असेल तर आपले म्हणणे बरोबर आहे. चकत्यांमध्ये वाळूचा कण अडकून ओरखडा पडला की त्या ओरखड्यातून दोन्ही बाजू एकमेकींना भेटतात, आणि नळाच्या तोंडाशी थेंबही पडत नाही, म्हणून ते कित्येक महिने कळत नाही. मात्र असे पाणी धारेने जात नाही, झिरपते. पंप दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन सेकंद चालू होऊन बंद होत असेल तर संशय तिकडे घ्यावा. ओसरींच्या घरी पंप सलग चालतो आहे, म्हणून मी आधी उघड्या चाव्यांकडे बोट दाखवले.

आता आपण सुचवलेल्या जागेविषयी. गच्चीवर सोलरच्या गरम तोंडाशी एनआरव्ही बसवला तर सोलरची टाकी वाचेल, हे खरे आहे, आणि हवेची नळी वाहणे थांबेल. परंतु त्या व्हॉल्व्हच्या खालची सगळी गरम लाइन तशीच उघडी राहते. आईच्या बाथरूममधून थंड पाणी गरम लाइनीत शिरेल, वर जाऊ शकणार नाही, पण वरच्या मजल्यावर कोणी गरम नळ उघडला की त्याच्याकडे हे थंड पाणीच आधी पोहोचेल. घरातले लोक मग सोलर बिघडला असे समजतात. म्हणून मी नेहमी सांगत आलो की जिथे दोन पाणी भेटतात त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे मिक्सरच्या गरम पायापाशी, आणि दुरुस्तीच्या वेळी गरम पाणी थंड लाइनीत जाऊ नये म्हणून थंड पायापाशीही. भिंतीत गाडायचा नाही. मिक्सरच्या मागे जागा नसेल तर निदान बाथरूममध्ये लाइन शिरते तिथे, युनियन लावून, हाताला येईल असा बसवावा.

मराठवाडी
हा धागा वाचून मला आमच्या गिझरची आठवण झाली. आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे. २५ लिटरच्या गिझरला खाली थंड पाणी शिरते तिथे एक पितळी तुकडा कंपनीनेच दिला होता, आणि गिझर तापत असताना त्याच्या बाजूच्या छोट्या तोंडातून पाणी ठिबकत असे. खाली फरशी ओली राहते म्हणून मागच्या महिन्यात प्लंबरने त्या तोंडाला बूच मारले. आता ठिबकत नाही. हाच तो नॉन-रिटर्न असावा असे वाटते. तो बसवलेला आहे म्हणजे आमची काळजी मिटली ना?

जलवाहिनी
मराठवाडी, कृपया आजच गिझरचे बटण बंद करा आणि ते बूच काढून घेईपर्यंत चालू करू नका. हे मी गंभीरपणे लिहितो आहे.

त्या पितळी तुकड्यात दोन कामे एकत्र असतात. आतली झडप थंड पाण्याला आत सोडते आणि मागे फिरू देत नाही. ती नसेल तर टाकी रिकामी झाल्यावर किंवा खाली कोणी नळ उघडल्यावर गिझरमधले पाणी थंड नळीतून उलटे ओढले जाते. थंड पाणी गिझरच्या तळाशी शिरते आणि गरम पाणी वरच्या टोकाकडून निघते, त्यामुळे उलटे ओढले गेले तर गिझर तळापर्यंत रिकामा होऊ शकतो आणि कॉइल कोरडी तापून जळते. इथपर्यंत आपल्या समजुतीप्रमाणे आहे.

पण ही झडप बसवल्यामुळे गिझर बंदिस्त होतो. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी वीस अंशांवरून पासष्टवर गेले तर त्याला सुमारे अर्धा लिटर जास्त जागा हवी असते. झडप नसती तर ते वाढलेले पाणी मागे थंड लाइनीत सरकले असते. झडपेने ती वाट बंद केली, म्हणून त्याच तुकड्याला दाब सोडण्याचे दुसरे तोंड दिलेले आहे. आपण पाहत होता ते ठिबकणे हे त्या तोंडाचे काम होते. त्यालाच बूच मारल्यावर वाढलेल्या पाण्याला कुठेही जागा नाही, आणि थर्मोस्टॅट कधी अडकला तर टाकी फुटण्यापर्यंत वेळ येते. बूच काढून त्या तोंडाला एक पातळ नळी जोडा आणि ती फरशीच्या जाळीपर्यंत उघडी सोडा, म्हणजे फरशी ओली होणार नाही. या तुकड्याच्या आणि गिझरच्या मध्ये कोणताही बंद करण्याचा कॉक असता कामा नये. कॉक हवा तो तुकड्याच्या अलीकडे, थंड पाण्याच्या बाजूला.

जड पाण्यात या तोंडात क्षार साचून ते आपोआप बंद होते, म्हणजे प्लंबरने न करताही बूच बसते. त्याची छोटी दांडी असेल तर दोन-तीन महिन्यांनी उचलून पाणी सुटते का ते पाहावे. न सुटल्यास तुकडा बदलावा.

मराठवाडी
बटण बंद केले आहे. उद्या प्लंबरला बोलावतो. ठिबकणे हा दोष आहे असेच आम्ही समजत होतो. आपले आभार मानतो.

वृंदा_पुणे
आमच्या चार मजली इमारतीतला एक प्रसंग सांगते, कारण तो याच विषयातला आहे असे मला वाटते. टाकी धुण्यासाठी वरचा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि मला माहीत नव्हते. चौथ्या मजल्यावर मी हँडशॉवर साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकून नळ उघडला, पाणी आले नाही म्हणून तसाच सोडून आत गेले. परत आले तेव्हा बादली अर्धी झाली होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या की नळाला फेस का येतो आहे. त्या दिवशी बादलीत साबण होता. दुसरे काही असते तर काय झाले असते, हा विचार अजून जात नाही. आमच्याकडे ना पंप आहे, ना सोलर. तरीही उलटे पाणी गेले ते कसे?

जलवाहिनी
ताई, ओसरींच्या घरी जास्त दाबाने पाणी ढकलले गेले, आपल्याकडे ते ओढले गेले. वरचा व्हॉल्व्ह बंद असताना उभ्या नळीत चार मजल्यांचे पाणी भरलेले होते. काकूंनी खाली नळ उघडला, ते पाणी खाली उतरू लागले, वरून हवा येण्याची सोय नसल्यामुळे नळीत पोकळी निर्माण झाली आणि तिने जिथून मिळेल तिथून ओढून घेतले. मिळाली ती आपली बादली.

यावर पहिला उपाय आपल्या फ्लॅटमध्ये नाही, गच्चीवर आहे. टाकीतून खाली उतरणाऱ्या नळीला, व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, टाकीच्या काठापेक्षा उंच अशी एक हवेची उभी नळी हवी. ती असेल तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर नळीत हवा शिरते आणि ओढ तयार होत नाही. पुष्कळ जुन्या इमारतींत ती नळी असते, पण कधीतरी गळते म्हणून कोणीतरी तिच्यावर टोपी बसवलेली असते. गच्चीवर जाऊन एकदा पाहून घ्या. त्याशिवाय प्रत्येक फ्लॅटमध्ये लाइन शिरते तिथे एनआरव्ही असेल तर एका घरातले पाणी दुसऱ्याच्या घरात जाण्याचा मार्ग बंद होतो.

टेम्सकाठ
मी लंडनजवळ घरबांधणीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून वृंदाताईंच्या प्रसंगाला एक जोड देतो. इथे १९९९ च्या पाणी-जोडणी नियमांत पाण्याचे पाच वर्ग केलेले आहेत, पहिला पिण्याच्या पाण्याचा आणि पाचवा मैल्याच्या पाण्यासारख्या सर्वांत घातक पाण्याचा. बागेच्या नळासारख्या ठिकाणी एकामागे एक अशा दोन झडपा असलेला व्हॉल्व्ह चालतो, कारण तो तिसऱ्या वर्गापर्यंतच मान्य आहे. कमोडच्या भांड्यात पोहोचू शकणारा जेट मात्र पाचव्या वर्गात मोडतो आणि त्याला कोणताही एनआरव्ही पुरेसा मानत नाहीत. तिथे मध्ये एक छोटी टाकी ठेवून पाणी हवेतून पडूनच पुढे जाईल अशी सोय करावी लागते. आपल्या लोकांना इथे जेट हवाच असतो आणि कित्येक जण तो थेट लाइनीला जोडून घेतात, तेव्हा मला हे समजावून सांगावे लागते.

सह्याद्री_७
हे भारतात कोणी करणार नाही. प्रत्येक जेटला वेगळी टाकी शक्य तरी आहे का? माझ्या मते जेटला एक चांगला एनआरव्ही पुरेसा आहे.

जलवाहिनी
आपल्याकडे निदान एक गोष्ट बरी आहे की बहुतेक घरांत बाथरूमचे पाणी वरच्या टाकीतून येते, म्हणजे रस्त्यावरच्या नळापासून टाकीतच एक हवेची फट पडलेली असते. परंतु जिथे महापालिकेची लाइन थेट बाथरूमला जोडलेली आहे, आणि पाणी दिवसातून दोनच तास येते, तिथे पाणी जाताना त्या लाइनीत ओढ निर्माण होते. तिथे थेट जोडलेल्या जेटच्या बाबतीत एका झडपेवर मी विसंबणार नाही. झडपेत टेफलॉन टेपचा तुकडा जरी अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि बाहेरून काही कळत नाही. टेम्सकाठ यांनी सांगितलेला नियम कडक वाटला तरी त्यामागचे कारण हेच आहे. एनआरव्ही असावाच, पण जेट वापरून झाल्यावर भिंतीतला अँगल कॉक बंद करण्याची सवय त्याहून जास्त भरवशाची आहे. आपले मत वेगळे असू शकते.

ओसरी
काल रात्री काकांनी सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. गच्चीवरचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर वीस-पंचवीस सेकंदांत पंप थांबला. तो पुन्हा उघडून खाली आलो, आईच्या बाथरूममधली गरम चावी बंद केली आणि पंप पुन्हा थांबला. वरच्या दोन्ही बाथरूममध्ये दोष नाही. आज प्लंबर येणार आहे. त्याच्याकडे दोन प्रकारचे एनआरव्ही आहेत, एक झोके घेणाऱ्या झडपेचा आणि एक स्प्रिंगचा. कोणता घ्यावा? आणि सोलरच्या थंड नळीवरचा आधीचा काढून टाकावा का?

जलवाहिनी
आधीचा ठेवा. वरची टाकी रिकामी झाली तर सोलरचे गरम पाणी त्या नळीतून मागे येऊ नये यासाठी ती जागा योग्य आहे, आणि सोलरला हवेची उघडी नळी असल्यामुळे फुगणाऱ्या पाण्याची अडचण तिथे येत नाही. प्लंबरने तो बसवला हे चुकले नव्हते, मूळ कारण न शोधता थांबला एवढेच.

झोक्याची झडप आपल्या वजनाने मिटते, म्हणून ती आडव्या नळीत किंवा पाणी वर जाणाऱ्या उभ्या नळीतच चालते. पाणी खाली उतरणाऱ्या उभ्या नळीत ती लोंबती राहून उघडीच पडते, आणि ही चूक फार घरांत दिसते. स्प्रिंगची झडप कशीही बसवता येते, पण उघडण्यासाठी तिला थोडा दाब लागतो आणि पाणी वाहतानाही ती काही दाब खाते. आपल्या तळमजल्यावर गरम लाइनीला पाऊण किलो दाब आहे, तिथे स्प्रिंगचा चालेल. वरच्या मजल्यावर शॉवरपाशी तीनच मीटर पाणी उभे आहे, तिथे स्प्रिंगचा बसवला तर गरम पाण्याची धार आणखी बारीक होईल, म्हणून तिथे गरज पडली तर झोक्याचा, आडव्या नळीत. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः पाहा. गरम बाजूला पितळी किंवा सीपीव्हीसीचाच घ्या, साधा पांढरा पीव्हीसी नको, तो गरम पाण्याने मऊ पडतो. बसवण्याआधी लाइन एकदा मोकळी सोडून गाळ जाऊ द्या.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. एनआरव्ही पाणी उलटे जाणे थांबवेल, पण दोन लाइनींच्या दाबातला फरक तो मिटवू शकत नाही. थंड बाजू सव्वादोन किलोने ढकलत असताना पाऊण किलोच्या गरम बाजूची झडप तिच्यापुढे मिटूनच राहील. आईंना जेटला कोमट पाणी हवे असेल तर त्या बाथरूमची थंड लाइन पंपाच्या आधीच्या, साध्या उताराच्या लाइनीवरून घ्यावी लागेल, किंवा थंड बाजूला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा लागेल. तळमजल्याला पंपाची मुळात गरज नव्हती.

ओसरी
काम झाले, म्हणून कळवतो. आईच्या मिक्सरच्या दोन्ही पायांशी स्प्रिंगचे एनआरव्ही युनियनसह बसवले. आपण म्हणालात तसेच पहिल्या दिवशी जेटला फक्त थंड पाणी आले. मग प्लंबरने टाकीच्या दुसऱ्या तोंडातून तळमजल्यासाठी वेगळी थंड लाइन काढली, पंप न लावता. आता दोन्ही चाव्या उघड्या ठेवल्या तरी पंप थांबलेला असतो, हवेची नळी दोन दिवस कोरडी आहे आणि सकाळी सोलरचे पाणी पूर्वीसारखे कडक येते. आईला पाणी कोमट मिळते.

हे करताना आणखी एक गोष्ट सापडली. वीज गेल्यावर पंपाला वळसा घालून पाणी यावे म्हणून जी बगलेची नळी ठेवली होती, तिच्यावर फक्त बॉल व्हॉल्व्ह होता आणि तो अर्धवट उघडा होता.

जलवाहिनी
मग पंपाने ढकललेले पाणी त्या बगलेच्या नळीतून पुन्हा पंपाच्या तोंडाशी येत असणार आणि पंप दाब गाठायला उगाच जास्त वेळ चालत असणार. त्या नळीवरही एक एनआरव्ही हवा, बाण टाकीकडून घराकडे. तिथे झोक्याचाच बसवा, कारण वीज नसताना वरच्या मजल्याला तेवढाच दाब उरतो.

ओसरी
तो उद्या बसवून घेतो. वरच्या मजल्याचा प्रश्न मात्र उभा आहे. तिथे थंड पाणी पंपाचे आणि गरम उताराचे, त्यामुळे शॉवर घेताना गरम पाणी मिसळतच नाही, दांडी पूर्ण गरमकडे न्यावी लागते. पंप काढला तर शॉवरला जोर राहत नाही. शिवाय आईच्या बाथरूममधल्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमधून जेट सोडल्यावर टक् असा आवाज येतो.

जलवाहिनी
जेटचा खटका एकदम सुटतो, वाहते पाणी एकदम थांबते आणि झडप आपटते, त्याचा तो आवाज असावा. नळी भिंतीला क्लॅम्पने घट्ट धरलेली आहे का ते आधी पाहा. वरच्या मजल्यासाठी गरम पाण्याला सोसेल असा छोटा पंप सोलरच्या पुढे, गरम लाइनीवर बसवतात. पण सोलरच्या टाकीत पाणी येण्याचा वेग त्याला पुरला पाहिजे, नाहीतर तो हवेच्या नळीतून हवा ओढतो. आपल्याकडे टाकीतून सोलरला जाणारी नळी किती इंची आहे आणि तिच्यावरचा एनआरव्ही कोणत्या प्रकारचा आहे, ते कळवा.

ओसरी
नळी पाऊण इंची आहे. एनआरव्ही कोणता ते गच्चीवर जाऊन पाहतो आणि लिहितो.

वृंदा_पुणे
आमच्या गच्चीवर ती हवेची नळी सापडली. तिच्यावर टोपी होती आणि टोपीवरून रंगही मारलेला होता. रविवारच्या सभेत ती काढण्याचा विषय मी मांडते आहे. प्रत्येक फ्लॅटला एनआरव्ही बसवायचा खर्च सोसायटीने करावा की ज्याचा त्याने, यावर मात्र आत्तापासूनच दोन मते आहेत. कोणाच्या सोसायटीत हे झाले असेल तर कसे ठरवले ते सांगावे.